डिझाइन पोर्टफोलिओचं मूल्यमापन: प्रक्रिया, फेरबदल आणि चिंतनाचे गुण कसे पडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्युरीच्या आधी विद्यार्थी बरंच काही विचारतात आणि निकाल लागल्यावर त्याहून जास्त. त्यातले बहुतेक प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात: काम तर चांगलं झालं होतं, मग गुण गेले कुठे? खालची उत्तरं परीक्षकाच्या खुर्चीतून दिलेली आहेत. समजावण्यासाठी एकच प्रकल्प रचून घेतला आहे, पातळ औषध मोजण्याच्या मापाचा, आणि त्यातले आकडे त्या उदाहरणापुरतेच आहेत.

## परीक्षक पोर्टफोलिओत नेमकं काय शोधतात?

प्रत्येक अभ्यासक्रमाची गुणविभागणी वेगळी असते, त्यामुळे आधी आपल्या ब्रीफमधलं रुब्रिक वाचा. या पानापुरती आपण अशी विभागणी धरू: अंतिम काम 30, प्रक्रिया 25, फेरबदल 25 आणि चिंतन 20. म्हणजे शेवटी हातात आलेली वस्तू कितीही देखणी असली, तरी तिच्यावर एकतृतीयांशापेक्षा कमी गुण अवलंबून आहेत. ही विभागणी जगावेगळी नाही. अमेरिकेतल्या शालेय पातळीवरच्या 'एपी आर्ट अँड डिझाइन' या परीक्षेत 5 निवडक कामांना 40 टक्के भार आहे आणि एका प्रश्नाचा दीर्घकाळ घेतलेला शोध दाखवणाऱ्या 15 प्रतिमांना 60 टक्के. सराव, प्रयोग आणि फेरबदल यांचा पुरावा हा त्या शोधाच्या मूल्यमापनाचा एक स्वतंत्र निकष आहे.

गोंधळ होतो तो उरलेल्या तीन शब्दांत. तुम्ही काय काय केलंत आणि किती दिशांनी शोधलंत, हे प्रक्रियेत दिसतं. काय बघून काय बदललंत आणि त्या बदलाने काय झालं, हे फेरबदलात. आपल्या निर्णयांविषयी तुम्हाला आता काय कळलं आहे, जे तेव्हा कळत नव्हतं, ते चिंतनात. एकच पान तिन्ही रकान्यांत गुण मिळवून देऊ शकतं, पण परीक्षक त्या पानाला तीन वेगवेगळे प्रश्न विचारत असतो.

## प्रक्रिया दाखवायची म्हणजे सगळी स्केचेस लावायची का?

नाही. स्केचेसच्या संख्येला गुण नसतात, त्यांच्यातल्या फरकाला असतात. एकाच बाटलीची चाळीस रेखाटनं, प्रत्येकात झाकण जरा निराळं, ही परीक्षकाच्या लेखी एकच कल्पना आहे. बाटली, पिचकारी, एका डोसची पुडी आणि बाटलीच्या तोंडाला बसणारं माप अशी चारच रेखाटनं असतील, तर त्या चार दिशा आहेत.

यामागे कारण आहे. जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी 1991 मध्ये दाखवलं की डिझाइन करणाऱ्यांसमोर आधी एखादा नमुना ठेवला, तर त्यांच्या उत्तरांत त्या नमुन्याची वैशिष्ट्यं उतरतात, आणि त्याच्यातले दोषसुद्धा. म्हणून परीक्षक बघतो की पहिली कल्पना पुढच्या सगळ्या पानांवर राज्य करते आहे का. तसं असेल तर प्रक्रिया लांबलचक असूनही अरुंद ठरते.

सोडून दिलेली दिशा जरूर ठेवा, पण ती का सोडली हे तिच्याशेजारी एका वाक्यात असू द्या. कारणाशिवायचं स्केच म्हणजे सजावट.

## रंग बदलला, फॉन्ट बदलला, हा फेरबदल नाही का?

बदल आहे, फेरबदलाचा पुरावा असेलच असं नाही. या रकान्यात बहुतेक ठिकाणी चार पायऱ्या असतात. शब्द वेगळे असतील, पण अर्थ साधारण असा.

सर्वांत खालच्या पायरीवर एकाच कल्पनेची वाढत्या सफाईची रूपं असतात: कच्चं, बरं, छान. मधलं काहीच मोडलेलं नसतं. दुसऱ्या पायरीवर बदल दिसतात, पण त्यांचं कारण 'जास्त चांगलं वाटलं' किंवा 'सरांनी सांगितलं' एवढंच असतं. तिसऱ्या पायरीवर बदलाच्या मागे एखादं निरीक्षण असतं: अमुक माणूस इथे अडखळला, म्हणून हे हलवलं. चौथ्या पायरीवर त्या बदलाची पुन्हा चाचणी घेतलेली असते, आणि गरज पडली तर मूळ प्रश्नच बदललेला असतो.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतली दरी विद्यार्थ्यांना दिसत नाही, आणि गुण गळतात ते तिथेच. निरीक्षण, निर्णय, बदल, पुन्हा चाचणी या चार गोष्टी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या पाहिजेत. त्यातली एक गाळली तर परीक्षकाला ती जागा अंदाजाने भरावी लागते, आणि अंदाजाला गुण देण्याची मुभा त्याला नसते. सर्वाधिक गळणारी कडी कोणती, असं विचाराल तर शेवटची. बदल केला, तो आवडला आणि प्रकल्प संपला, असं बहुतेक पोर्टफोलिओत घडतं.

## एखादं उदाहरण पूर्ण उलगडून दाखवाल का?

एका विद्यार्थिनीचा प्रकल्प धरू. ब्रीफ असं: खोकल्याच्या पातळ औषधाचं लेबल ज्येष्ठांना वाचता येत नाही, ते वाचनीय करा.

पहिल्या फेरीत तिने 6 पॉइंटचा मजकूर 9 आणि 12 पॉइंटमध्ये मांडला आणि साठीच्या पुढच्या सहा जणांना वाचायला दिला. 9 पॉइंटला सहाही जणांनी 'एक चमचा, दिवसातून तीनदा' हे बिनचूक वाचलं. इथे प्रकल्प थांबवता आला असता, आणि पुष्कळ जण थांबवतात. तिने आणखी एक गोष्ट केली. रंगीत पाणी भरलेली बाटली पुढे ठेवली आणि म्हणाली, 'आता औषध घेताय असं समजून ओता.' चौघांनी स्वयंपाकघरातला चमचा उचलला, प्रत्येकाने वेगळा. ओतलेलं पाणी तिने छोट्या वजनकाट्यावर मोजलं. 1 ग्रॅम पाणी म्हणजे 1 मिली, त्यामुळे हिशोब सोपा होता. हवं होतं 5 मिली, भरलं 3 ते 8 मिली.

स्केचबुकच्या त्या पानावर तिने लिहिलं: 'वाचता येतंय. मोजता येत नाहीये. प्रश्न लेबलचा नाही.' या तीन वाक्यांनी पुढचा सगळा प्रकल्प फिरला. लेबलवरचा 'चमचा' हा शब्द गेला, फक्त '5 मिली' राहिलं, आणि बाटलीसोबत माप देण्याचा निर्णय झाला.

दुसऱ्या फेरीत 30 मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक वाटी, तिच्यावर 2.5, 5 आणि 10 मिलीच्या रेषा. या वेळी माणसं नवीन घेतली, कारण आधीची सहा जणं आता प्रकल्प कशाबद्दल आहे हे जाणत होती. आकडे आले 4.2 ते 6.1 मिली. चमच्यापेक्षा बरे, पण औषधासाठी पुरेसे नाहीत. बहुतेक जण वाटी टेबलावर ठेवून वरून बघत होते, त्यामुळे रेषा नेमकी कुठे आहे याचा अंदाज चुकत होता. इथे तिने एक छोटा हिशोब मांडला. 30 मिमी व्यासाच्या भांड्याच्या तळाचं क्षेत्रफळ सुमारे 707 चौरस मिमी. त्यात 5 मिली द्रव जेमतेम 7 मिमी उंच उभा राहतो, आणि नजर 1 मिमी चुकली तर 0.7 मिलीचा फरक पडतो. म्हणजे डोसच्या 14 टक्के. दोष वापरणाऱ्याच्या डोळ्यांत नव्हता, भांड्याच्या रुंदीत होता.

तिसऱ्या फेरीत 18 मिमी व्यासाची नळी. तळाचं क्षेत्रफळ 254 चौरस मिमी, 5 मिलीची उंची जवळपास 20 मिमी, आणि 1 मिमीची चूक म्हणजे फक्त 0.25 मिली. या वेळी पाण्याऐवजी तिने साखरेचा दाट पाक वापरला, कारण औषध पाण्यासारखं वाहत नाही. वजनं आली 6.2 ते 6.9 ग्रॅम. आधी तिला वाटलं, हे तर पहिल्यापेक्षा वाईट. मग लक्षात आलं की हा पाक पाण्यापेक्षा जड आहे, 1 मिली सुमारे 1.3 ग्रॅम. भागून आकडे निघाले 4.8 ते 5.3 मिली. खोडलेले आकडे पानावर तसेच राहिले.

पण नळी अरुंद झाल्यावर नवी अडचण आली. पाक आत चिकटून राहत होता आणि धुताना बोट आत जात नव्हतं. दोघांनी तर माप धुण्याऐवजी नुसतं हलवून ठेवून दिलं. शिवाय उंच नळी कलंडत होती. शेवटी ती 22 मिमीवर आली: 5 मिलीला 13 मिमी उंची, 1 मिमीच्या चुकीला 0.38 मिली, तळ पसरट आणि बोट आत जाईल एवढी जागा. पाकाने चाचणी घेतल्यावर आकडे 4.6 ते 5.5. अचूकपणा 18 मिमीच्या नळीपेक्षा थोडा कमी, आणि तो तिने जाणूनबुजून कमी होऊ दिला. अस्वच्छ मापातून रोज औषध घेणं हा तिच्या मते जास्त मोठा धोका होता.

## या पोर्टफोलिओला किती गुण द्याल?

अंतिम कामाला 30 पैकी 20. वाटीची घडण ओबडधोबड आहे आणि लेबलची मांडणी साधारण. वाटीवर लक्ष गेल्यामुळे लेबल मागे राहिलं, हे दिसतं.

प्रक्रियेला 25 पैकी 20. चाचण्या नीट आखल्या आहेत, पण पिचकारीची दिशा एका स्केचनंतर कारण न देता सोडली आहे. पातळ औषध अचूक मोजण्यासाठी पिचकारी हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे येणारा पर्याय आहे. तो का नको, हे सांगायलाच हवं होतं.

फेरबदलाला 25 पैकी 23. प्रश्न बदलला, प्रत्येक बदलामागे मोजमाप आहे आणि शेवटचा बदल मागच्या दिशेने झाला आहे. अधिक अचूक रूप टाकून कमी अचूक रूप घेणं आणि त्याचं कारण देणं, असं पान क्वचित बघायला मिळतं. दोन गुण गेले ते 22 मिमीची चाचणी फक्त तीन जणांवर झाल्यामुळे.

चिंतनाला 20 पैकी 15. काय शिकले हे तिने नेमकं लिहिलं आहे. पण चाचणीला आलेल्यांपैकी एकाचाही हात थरथरत नव्हता, आणि हे माप ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी अनेकांचा थरथरतो. ही मर्यादा तिच्या नजरेतून सुटली. एकूण 78.

आता याच ब्रीफवरचा दुसरा पोर्टफोलिओ समजा. लेबल अप्रतिम, छपाई नेटकी, मॉक-अपचे फोटो मासिकात शोभतील असे. अंतिम कामाला 27. पण चाचणी म्हणजे तीन मित्रांची 'छान दिसतंय' अशी प्रतिक्रिया, आणि फेरबदल म्हणजे निळ्याचा हिरवा. प्रक्रिया 12, फेरबदल 6, चिंतन 8. बेरीज 53. निकालाच्या दिवशी हाच विद्यार्थी सर्वांत जास्त चिडलेला असतो, आणि त्याचं चिडणं समजण्यासारखं आहे. भिंतीवर दोन्ही कामं शेजारी लावली तर त्याचंच काम उजवं दिसतं.

## चाचणीत सगळं फसलं तर गुण जातात का?

फसण्याचे नाही जात. फसलेली चाचणी लपवण्याचे जातात. फक्त एक ध्यानात ठेवा: चाचणी फसली आणि तुम्ही पुढे काहीच केलं नाही, तर ती तिसऱ्या पायरीवरच अडकते. वेळ संपला असेल तर पुढची चाचणी कशी घेतली असती ते लिहा: कोणावर, काय मोजून, आणि कोणता आकडा आला तर कल्पना सोडली असती. याने पूर्ण गुण मिळत नाहीत, पण काही मिळतात.

## चिंतन लिहायचं म्हणजे नेमकं काय? मी तर आधीच सगळं सांगितलंय.

सांगणं आणि चिंतन यांत फरक असा: सांगण्यात घडलेलं येतं, चिंतनात त्या घडण्यातला तुमचा निर्णय तपासला जातो. डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये दोन प्रकार वेगळे केले, काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला विचार. पोर्टफोलिओत दोन्ही लागतात, आणि ते वेगवेगळ्या जागी सापडतात. पहिला स्केचबुकच्या समासात, घाईच्या अक्षरात. दुसरा शेवटच्या पानांवर. फक्त दुसरा असेल तर परीक्षकाला शंका येते.

दोन वाक्यं बघा.

'या प्रकल्पातून मला वापरकर्त्याचं महत्त्व कळलं आणि टीमवर्क शिकायला मिळालं.'

'मी सहा जणांना लेबल वाचायला लावलं, कारण वाचणं मोजायला सोपं होतं. ओतायला लावलं नसतं तर 12 पॉइंटचा अक्षरठसा हेच उत्तर म्हणून दिलं असतं. पुढच्या वेळी आधी कृती बघेन, मग मजकूर.'

पहिलं वाक्य कुठल्याही प्रकल्पाखाली चिकटवता येतं. दुसरं याच प्रकल्पाखाली बसतं. माझी कसोटी एवढीच असते: प्रकल्पाचं नाव झाकलं तरी या परिच्छेदावरून काम ओळखता येतं का?

आणखी एक गोष्ट. ग्रॅहम गिब्ज यांचं 1988 चं सहा टप्प्यांचं चक्र (वर्णन, भावना, मूल्यांकन, विश्लेषण, निष्कर्ष, कृतियोजना) अनेक ठिकाणी साचा म्हणून दिलं जातं. सुरुवातीला त्याची मदत होते. पण सहा मथळे आणि प्रत्येकाखाली दोन ओळी असं पान आलं, की 'भावना'खाली उत्साह आणि 'कृतियोजने'खाली वेळेचं नियोजन लिहिलेलं असणार, हे न वाचता सांगता येतं. साचा वापरा, मग मथळे पुसून टाका आणि जे उरतं ते वाचा. विश्लेषणाला सर्वांत जास्त जागा हवी, आणि साच्यात नेमकी तीच सर्वांत आखूड राहते.

## प्रक्रिया मागाहून तयार केली तर परीक्षकाला कळतं का?

पुष्कळदा कळतं. शेवटच्या आठवड्यात बसून 'सुरुवातीची' स्केचेस काढणाऱ्याला शेवट माहीत असतो, आणि तो हातातून डोकावतो. पहिल्याच पानावर झाकणाचा तो कोपरा असतो, जो त्याच्याच सांगण्यानुसार तिसऱ्या फेरीत सुचला. सगळी पानं एकाच पेनाने, एकाच दाबाने काढलेली असतात. सोडून दिलेल्या कल्पना इतक्या हास्यास्पद असतात की त्या कोणी मनापासून विचारात घेतल्या असतील असं वाटत नाही. आणि चाचणीतल्या सगळ्या प्रतिक्रिया विद्यार्थ्याला पुढे जायचं होतं त्याच दिशेने बोट दाखवतात. खऱ्या चाचणीत निदान एक प्रतिक्रिया अवघड जागी येते आणि तिचं काय करायचं हे कळत नाही.

पण यातलं एकही लक्षण पुरावा नाही. नीटनेटक्या माणसाची खरी पानंही एकसारखी दिसतात. म्हणून परीक्षकाने लक्षणावर गुण कापू नयेत, प्रश्न विचारावा. 'हा 22 चा आकडा कुठून आला?' किंवा 'ही दिशा सोडली त्या दिवशी तुमच्यासमोर काय होतं?' ज्याने काम केलं आहे तो बहुधा पानावर नसलेली एखादी बारीक गोष्ट सांगतो: पाक हाताला चिकटत होता, काटा शून्यावर येत नव्हता. ज्याने रचलं आहे तो पानावरचंच वाक्य पुन्हा वाचतो.

एक मधला प्रकारही आहे आणि तो गैर नाही. खरी पण अस्ताव्यस्त पानं नीट लावणं, वाचता न येणारी टीप खाली टाइप करणं, तारखा घालणं, हे संपादन आहे. मूळ पानाचा फोटो सोबत ठेवा आणि नंतर जोडलेला मजकूर वेगळ्या रंगात द्या. झालं.

## मी डोक्यात विचार करतो, थेट संगणकावर काम करतो. माझ्याकडे कागद नसतो.

कागदाची सक्ती नाही. पण डोक्यातला विचार परीक्षकाला दिसत नाही, त्यामुळे तो कुठेतरी उमटवावा लागेल. सर्वांत सोपा उपाय म्हणजे फाइलवर फाइल न चढवणं. प्रत्येक मोठ्या वळणावर नवी प्रत करा आणि नावातच कारण लिहा, उदाहरणार्थ `cup_v03_18mm_dhuta_yet_nahi`. महिन्याभरानंतर नुसत्या फाइल्सच्या यादीवरून तुमचा प्रकल्प वाचता येतो. फिग्मासारख्या साधनांत आवृत्त्यांचा इतिहास आपोआप राहतो, मात्र त्यातली प्रत्येक आवृत्ती पुरावा म्हणून लावू नका. वळणं निवडा.

दुसरा उपाय बोलण्याचा. काम थांबवताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग: आज काय मोडलं, उद्या काय करून बघणार. ते लिहून काढलं की घाईच्या अक्षरातल्या टिपांची जागा ते बरोबर घेतं. ज्यांना लेखन जड जातं त्यांना हा मार्ग खूप उपयोगी पडतो. चिंतनाच्या रकान्यात भाषेवर हुकूमत असणाऱ्यांना नकळत झुकतं माप मिळतं, ही या पद्धतीतली खरी उणीव आहे, आणि तोंडी उत्तर ग्राह्य धरल्याने ती थोडी तरी भरून निघते.

## गटात काम केलं असेल तर?

निर्णयांसमोर नावं घाला, कामांसमोर नव्हे. 'रेंडरिंग: अमुक' यातून फेरबदल कोणी सुचवला ते समजत नाही. गटात मतभेद झाला असेल तर तो नोंदवा: कोणाचं काय म्हणणं होतं आणि कोणत्या चाचणीने तो मिटला. चिंतन मात्र प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचं.

## दोन परीक्षकांचे गुण इतके वेगळे कसे पडतात?

बहुधा त्यांनी पानं वेगळ्या क्रमाने बघितलेली असतात. अंतिम फोटो आधी पाहिला की बाकीच्या रकान्यांवर त्याची छाया पडते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच दाखवून दिलं होतं की एका गुणाबद्दलचं मत इतर गुणांच्या मूल्यांकनात झिरपतं. देखण्या कामाची प्रक्रियाही चांगली वाटू लागते, आणि ओबडधोबड वाटीमागचे हिशोब कोणी वाचत नाही. यावर साधा उपाय आहे: प्रक्रिया आणि फेरबदलाची पानं आधी वाचून त्यांचे गुण लिहून टाकायचे आणि मगच अंतिम कामाकडे वळायचं. पोर्टफोलिओची बांधणी विद्यार्थ्याच्या हातात असते, पण वाचण्याचा क्रम परीक्षक ठरवू शकतो.

दुसरं कारण रुब्रिकमधले शब्द. 'सखोल', 'पुरेसा', 'प्रभावी' या विशेषणांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. म्हणून तपासणीआधी दोन-तीन जुने पोर्टफोलिओ सगळ्यांनी स्वतंत्रपणे तपासायचे, गुण टेबलावर ठेवायचे आणि फरक कुठल्या पानामुळे पडला ते पानावर बोट ठेवून बोलायचं. एकाने 23 दिले आणि दुसऱ्याने 14, तर थेट 18.5 लिहून मोकळं होणं हा सर्वांत वाईट मार्ग. त्या दोघांपैकी एकाला बहुधा कुठलं तरी पान दिसलेलंच नसतं, आणि सरासरी काढल्यावर ते कधीच कळत नाही.

## किती पानं असावीत?

ब्रीफमध्ये मर्यादा असेल ती. नसेल तर एका प्रकल्पाची 12 ते 20 पानं परीक्षक लक्ष देऊन वाचू शकतो. त्यातली निम्मी तरी फेरबदलाची असू द्या, आणि उरलेलं सगळं परिशिष्टात.

## चाचणीला आलेल्या लोकांचे फोटो लावू का?

परवानगी घेतली असेल तरच, आणि शक्यतो हात आणि वस्तू दिसतील असे. नावाऐवजी 'व्यक्ती 3, साठीच्या पुढे' पुरतं. चेहऱ्यापेक्षा वाटी डोळ्यांपासून किती खाली धरली होती, हे परीक्षकाला जास्त उपयोगी आहे.

## निकाल पटला नाही तर काय मागावं?

'माझे गुण वाढवा' असा अर्ज केला तर एकूण गुण पुन्हा बेरीज करून पाठवले जातात. त्याऐवजी रकाना आणि पान यांचं नाव घ्या: 'फेरबदलाच्या रकान्यात मला दुसरी पायरी मिळाली आहे. पान 9 वर निरीक्षण, पान 10 वर बदल आणि पान 12 वर पुन्हा घेतलेली चाचणी आहे. ही पानं कोणत्या पायरीत मोडतात?' या प्रश्नाला उत्तर देताना परीक्षकाला ती पानं उघडावीच लागतात. आणि असा अर्ज लिहायला बसल्यावर पान 12 सापडतच नसेल, तर अर्ज पाठवायची गरज उरत नाही.